पगार 19,495 रुपये, पण सुट्टे किती? INT आणि MOD ने नोटांची फोड कशी करायची

शनिवारची दुपार. गाव दापोडे. पुण्याची दापोडी नव्हे, भिवंडी तालुक्यातलं, मुंबई-नाशिक महामार्गाच्या जवळचं दापोडे. एकेकाळी भातशेती असलेल्या या पट्ट्यात आता वळ, पूर्णा, राहनाळ, माणकोलीपर्यंत गोदामांच्या रांगा आहेत. मुंबईकरांच्या घरी येणाऱ्या मालाचा मोठा भाग आधी इथे उतरतो, इथे मोजला जातो आणि इथूनच पुन्हा गाडीत चढतो.

समजा, अशाच एका गोदामात पाच जणांची टोळी आठवडाभर माल चढवण्या-उतरवण्याचं काम करते. आज त्यांचा हिशेब आहे. माथाडी मंडळात नोंद असलेल्या कामगारांची मजुरी 1969 च्या माथाडी कायद्यानुसार मंडळामार्फत येते आणि इतर बऱ्याच जणांचा पगार आता खात्यात जमा होतो. आपली ही टोळी मात्र रोखीवर काम करणारी आहे. मुकादमाकडे हजेरीवही आहे, उचल दिल्याची नोंद आहे आणि पाच रकमा तयार आहेत: 4,380, 3,765, 4,912, 2,690 आणि 3,748. बेरीज 19,495 रुपये.

ऑफिसातला मुलगा बँकेत जातो, 19,495 रुपये काढतो आणि परत येतो. पैसे पूर्ण आहेत, एक रुपयाही कमी नाही. तरी पाकिटं भरायला बसल्यावर गाडी अडते. 10 ची नोट एकही नाही, 100 ची नाही, आणि 500 च्या दोन नोटा उरल्या आहेत, ज्या कुणालाच देता येत नाहीत. मग सुरू होतं ते नेहमीचं: "तुझे दहा राहू दे, पुढच्या शनिवारी घे." पुढच्या शनिवारी ते दहा कुणाच्या लक्षात राहतात?

चूक बँकेत झालेली नाही. चूक झाली आहे फोड करताना.

एकूण रकमेची फोड का चालत नाही?

ऑफिसातल्या मुलाने 19,495 या आकड्याची फोड केली होती. 500 च्या 38 नोटा, 200 च्या 2, 50 ची 1, 20 च्या 2 आणि 5 चं 1 नाणं. एकूण 44 नग. गणित अगदी बरोबर आहे. पण ही फोड अशा माणसाची आहे जो एकटाच 19,495 रुपये घेणार आहे. आपल्याकडे पाच माणसं आहेत आणि प्रत्येकाचं पाकीट वेगळं आहे.

म्हणून आधी प्रत्येकाच्या रकमेची स्वतंत्र फोड करायची आणि मग नोटांच्या संख्यांची बेरीज करायची. तसं केलं की या पाच जणांसाठी 44 नव्हे, 59 नग लागतात. रक्कम तीच, नोटा वेगळ्या. 500 च्या 38 नाही तर 36 च लागतात, आणि 100 च्या दोन, 10 च्या तीन लागतात, ज्या पहिल्या यादीत नव्हत्याच.

पाच जणांची फोड कागदावरही होते. पण साठ जण असले की एक्सेल किंवा गुगल शीट्स उघडावं लागतं, आणि तिथे दोनच फंक्शन पुरतात.

INT आणि MOD म्हणजे शाळेतला भागाकार

चौथीच्या वर्गातला भागाकार आठवा. 4,380 ला 500 ने भागलं. भागाकार 8 आला, बाकी 380 उरली. शीटमध्ये `INT` तो 8 देतं आणि `MOD` ते 380 देतं.

```
=INT(4380/500)    8
=MOD(4380,500)    380
```

`INT` अपूर्णांक टाकून पूर्ण संख्या ठेवतं. 4380/500 चं उत्तर 8.76 आहे, पण 0.76 नोट देता येत नाही. `MOD` सांगतं की आठ नोटा बाजूला काढल्यावर हातात किती राहिले. मग त्या 380 मध्ये 200 च्या किती नोटा बसतात ते पाहायचं, उरलेल्यात 100 च्या, आणि असंच खाली 1 रुपयापर्यंत.

आता शीटची मांडणी. पहिल्या ओळीत शीर्षकं. A मध्ये कामगाराचं नाव, B मध्ये द्यायची रक्कम, आणि C पासून K पर्यंत 500, 200, 100, 50, 20, 10, 5, 2, 1. हे आकडे नुसते लिहायचे. "500 ची नोट" असं टाइप केलं तर तो शीटच्या दृष्टीने मजकूर होतो आणि पुढे त्याचा गुणाकार करता येत नाही. रुपयाचं चिन्ह हवंच असेल तर ते सेलच्या फॉरमॅटमधून आणा. पहिला कामगार दुसऱ्या ओळीत येईल.

10 आणि 20 ची नोटही आहे आणि नाणंही. 5 चंही तसंच. फोडीच्या दृष्टीने त्याने फरक पडत नाही, नोट की नाणं हे बँकेत काय मिळतं त्यावर ठरवा.

पहिली दोन सूत्रं सरळ आहेत:

```
C2:  =INT($B2/500)
D2:  =INT(MOD($B2,500)/200)
```

इथपर्यंत सगळ्यांचं बरोबर येतं. चुका होतात त्या पुढच्या रकान्यात.

200 ची नोट आली आणि सोपं सूत्र मोडलं

D2 कडे पाहून कुणालाही वाटेल की पद्धत कळली. आधीच्या नोटेने `MOD`, चालू नोटेने भागाकार. मग 100 साठी लिहिलं जातं:

```
=INT(MOD($B2,200)/100)     चूक
```

दुसऱ्या कामगाराचे 3,765 घ्या. 500 च्या 7 नोटा, म्हणजे 3,500. उरले 265. त्यात 200 ची 1, उरले 65. 100 ची नोट शून्य. पण वरचं सूत्र 3,765 ला 200 ने भागतं, बाकी 165 काढतं आणि 100 ची 1 नोट दाखवतं. पाकिटात शंभर रुपये जास्त गेले.

कारण साधं आहे. `MOD($B2,200)` ला माहीतच नाही की आधी 500 च्या सात नोटा काढल्या आहेत. ते मूळ रकमेलाच 200 ने भागतं. 500 ही रक्कम 200 च्या पटीत असती तर काही बिघडलं नसतं. पण 500 ला 200 ने भागलं की 100 उरतात. त्यामुळे 500 च्या नोटांची संख्या विषम असली की उत्तर चुकतं आणि सम असली की नेमकं बरोबर येतं. आपल्या यादीत 4,380 साठी 500 च्या 8 नोटा लागतात, तिथे हे चुकीचं सूत्रही बरोबर उत्तर देतं. आणि बहुतेक लोक पहिल्या ओळीवर तपासून सूत्र खाली ओढतात!

ही चूक नेहमी शिकाऊ माणूसच करतो असंही नाही. 200 ची नोट रिझर्व्ह बँकेने 25 ऑगस्ट 2017 रोजी चलनात आणली. त्याआधी 500 नंतर थेट 100 येत होती आणि 500 ही 100 च्या पटीत आहे. तेव्हा 100 च्या रकान्यात `MOD($B2,500)` लिहिलेलं होतं आणि ते चोख होतं. मग नोट आली, कुणीतरी मध्ये एक रकाना घातला, आजूबाजूची पद्धत पाहून सूत्र बदललं, आणि वर्षानुवर्षं बरोबर चालणारी फाइल चुकायला लागली.

दुरुस्ती अशी की बाकीचीही बाकी काढायची. आधी 500 ने, मग त्या बाकीची 200 ने:

```
E2:  =INT(MOD(MOD($B2,500),200)/100)
```

3,765 साठी आतलं `MOD` 265 देतं, बाहेरचं 65 देतं, आणि 65/100 चा `INT` शून्य. बरोबर.

मग खाली 1 रुपयापर्यंत येताना `MOD` च्या आत `MOD`, त्याच्या आत आणखी `MOD` अशी आठ कंसांची माळ करायची का? गरज नाही. 500, 200 आणि 100 या तिन्ही रकमा 100 च्या पटीत आहेत. म्हणून 50 चा रकाना भरताना `MOD($B2,100)` पुरतं, आधी कुठली मोठी नोट किती काढली याने फरक पडत नाही. अडचण फक्त 200, 20 आणि 2 यांच्या लगेच नंतर येते, कारण 50 ही 20 च्या पटीत नाही आणि 5 हे 2 च्या पटीत नाही. म्हणजे दुहेरी `MOD` तीनच ठिकाणी लागतं: 100, 10 आणि 1.

```
F2:  =INT(MOD($B2,100)/50)
G2:  =INT(MOD($B2,50)/20)
H2:  =INT(MOD(MOD($B2,50),20)/10)
I2:  =INT(MOD($B2,10)/5)
J2:  =INT(MOD($B2,5)/2)
K2:  =MOD(MOD($B2,5),2)
```

दुसरी ओळ भरली की C2 ते K2 निवडून शेवटच्या कामगारापर्यंत खाली ओढा. `$B2` मधल्या डॉलरच्या चिन्हामुळे रकाना B च राहतो आणि ओळ बदलत जाते.

पाच पाकिटांचा पूर्ण हिशेब

| रक्कम | 500 | 200 | 100 | 50 | 20 | 10 | 5 | 2 | 1 |
|---|---|---|---|---|---|---|---|---|---|
| 4,380 | 8 | 1 | 1 | 1 | 1 | 1 | 0 | 0 | 0 |
| 3,765 | 7 | 1 | 0 | 1 | 0 | 1 | 1 | 0 | 0 |
| 4,912 | 9 | 2 | 0 | 0 | 0 | 1 | 0 | 1 | 0 |
| 2,690 | 5 | 0 | 1 | 1 | 2 | 0 | 0 | 0 | 0 |
| 3,748 | 7 | 1 | 0 | 0 | 2 | 0 | 1 | 1 | 1 |
| 19,495 | 36 | 5 | 2 | 3 | 5 | 3 | 2 | 2 | 1 |

शेवटची ओळ म्हणजे बँकेत न्यायची चिठ्ठी. `=SUM(C2:C6)` लिहून ते उजवीकडे ओढलं की ती तयार होते. रोख भरण्याच्या स्लिपवर नोटांचा जो तक्ता असतो, त्याच क्रमाने ही चिठ्ठी लिहून खिडकीवर दिली तर कॅशियरलाही मोजायला सोपं जातं.

चूक झाली हे कळणार कसं?

L रकान्यात पडताळणी ठेवा. प्रत्येक नोटेची किंमत गुणिले तिची संख्या, सगळ्याची बेरीज, वजा मूळ रक्कम:

```
L2:  =SUMPRODUCT($C$1:$K$1,C2:K2)-$B2
```

इथे प्रत्येक ओळीत शून्य यायला हवं. पहिल्या ओळीत नोटांचे आकडे नुसते लिहायचे होते ते यासाठीच.

पडताळणी ओळीओळीने करायची, फक्त शेवटच्या बेरजेवर विसंबायचं नाही. याचं एक गमतीशीर उदाहरण आपल्याच यादीत आहे. 1 रुपयाच्या रकान्यात कुणी नुसतं `=MOD($B2,2)` लिहिलं, तर 3,765 वाल्याच्या पाकिटात 1 चं नाणं येतं, जे यायला नको. आणि 3,748 वाल्याचं नाणं जातं, जे हवं होतं. बेरीज? दोन्ही वेळा 1. खालची ओळ म्हणते सगळं ठीक, आणि एकाचा रुपया दुसऱ्याच्या पाकिटात गेलेला असतो.

100 आणि 10 च्या रकान्यातही तीच सोपी पण चुकीची सूत्रं वापरली असती तर बँकेतून 19,495 ऐवजी 19,685 रुपयांच्या नोटा मागवल्या गेल्या असत्या. तो 190 रुपयांचा फरक मात्र बेरजेतही दिसला असता.

पडताळणी शून्य, तरी हिशेब चूक

ही जागा नाजूक आहे. समजा एखाद्याने या आठवड्यात दोनच दिवस काम केलं आणि आधी घेतलेली उचल कापल्यावर रक्कम उणे 120 आली. म्हणजे त्यालाच 120 रुपये देणं आहे. शीटला हे कळत नाही, ती उणे 120 चीही फोड करते.

`INT` नेहमी खालच्या पूर्ण संख्येकडे जातं. -120/500 म्हणजे -0.24, आणि त्याच्या खालची पूर्ण संख्या -1. म्हणून 500 च्या रकान्यात -1 येतं. `MOD(-120,500)` चं उत्तर 380 येतं, आणि त्याची फोड होऊन 200, 100, 50, 20 आणि 10 ची प्रत्येकी एक नोट दिसते. उणे 500 अधिक 380 म्हणजे उणे 120. पडताळणीत शून्य! पण बँकेच्या चिठ्ठीत 500 ची एक नोट गुपचूप कमी झाली आणि पाच छोट्या नोटा वाढल्या. पाकिटं भरताना कुणाची तरी 500 ची नोट कमी पडणार.

यावर उपाय म्हणजे हिशेबाची रक्कम वेगळ्या रकान्यात ठेवायची, समजा M मध्ये, आणि B मध्ये फक्त द्यायची रक्कम घ्यायची:

```
B2:  =MAX(0,ROUND(M2,0))
```

उणे रक्कम असेल तर पाकीट शून्याचं. उरलेली उचल पुढच्या आठवड्याच्या खात्यात लिहायची.

या सूत्रातलं `ROUND` कशाला, तर तो दुसरा सापळा आहे. हजेरी, ओव्हरटाइम, अर्धा दिवस असं करत रक्कम 3,747.60 निघाली आणि सेलच्या फॉरमॅटमध्ये दशांश शून्य ठेवले असतील, तर पडद्यावर 3,748 दिसतं. पण फॉरमॅट फक्त दिसणं बदलतो, आतली किंमत नाही. फोड 3,747.60 ची होते आणि 1 रुपयाच्या रकान्यात 0.60 राहतं, जे पुन्हा फॉरमॅटमुळे 1 दिसू शकतं. असे चार-पाच जण झाले की 1 च्या रकान्याची बेरीज डोळ्यांनी मोजलेल्या नाण्यांशी जुळत नाही आणि कुणाला कारण सापडत नाही. `ROUND` वापरलं की आतली रक्कमही खरोखर 3,748 होते.

पैशांचीही फोड करता येते का? 25 पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली. 50 पैशांचं नाणं कायद्याने आजही वैध आहे, पण दापोड्याच्या नाक्यावर ते चहावाल्याला देऊन पाहा. पगाराचा हिशेब पूर्ण रुपयातच ठेवलेला बरा. 60 पैसे वर न्यायचे की खाली, हे आधी ठरवून सगळ्यांना एकच नियम लावा. कामगाराच्या बाजूने वरच न्यायचं असेल तर `ROUND` च्या जागी `ROUNDUP`.

बँकेत सुट्टे मिळालेच नाहीत तर?

हे तर दर आठवड्याचं रडगाणं. 59 नगांची चिठ्ठी घेऊन गेलात आणि कॅशियर म्हणाला, "500 आणि 200 घ्या, बाकी नाही."

आपली पद्धत मोठी नोट आधी काढते. 500 पासून 1 पर्यंत सगळ्या नोटा-नाणी उपलब्ध असतील तर ती कमीत कमी नगांत रक्कम भागवते. पण मधली एखादी नोट गायब झाली की ही खात्री राहत नाही. हातात 500 आणि 200 याच नोटा आहेत आणि 600 रुपये द्यायचे आहेत. मोठी नोट आधी म्हणून 500 काढली, उरले 100, आणि ते देता येत नाहीत. प्रत्यक्षात 200 च्या तीन नोटांनी काम झालं असतं. `INT` आणि `MOD` मागे वळून पाहत नाहीत. अशा वेळी पडताळणीच्या रकान्यात शून्याऐवजी -100 दिसेल आणि ते पाकीट हातानेच जुळवावं लागेल.

उलट बाजूही आहे. बँकेत 500 च्या गड्ड्या हव्या तेवढ्या मिळतात, पण हातावर पोट असलेल्या माणसाला त्या नकोच असतात. खोलीच्या भाड्याला 500 ची नोट चालते, वडापाव घेऊन पुढे केली की दुकानदार तोंड वाकडं करतो. म्हणून काही मुकादम ठरवतात की कुणालाही 500 च्या सहापेक्षा जास्त नोटा द्यायच्या नाहीत, बाकी छोट्या द्यायच्या. मग सूत्र बदलतं:

```
C2:  =MIN(6,INT($B2/C$1))
```

आणि इथे `MOD` निरुपयोगी ठरतं. 4,380 मधून 500 च्या सहाच नोटा काढल्या तर उरतात 1,380, पण `MOD` अजूनही 380 च सांगणार. त्याने धरलेलं असतं की बसतील तेवढ्या सगळ्या नोटा काढल्या. म्हणून बाकी `MOD` ने न काढता वजाबाकीने काढायची, म्हणजे आतापर्यंत दिलेल्या सगळ्या नोटांची किंमत मूळ रकमेतून कमी करायची:

```
D2:  =INT(($B2-SUMPRODUCT($C$1:C$1,$C2:C2))/D$1)
```

हे एकच सूत्र D2 पासून K2 पर्यंत उजवीकडे ओढायचं आणि मग खाली. `$C$1:C$1` चं डावं टोक जागेवर राहतं आणि उजवं टोक एकेक रकाना पुढे सरकतं, त्यामुळे प्रत्येक रकाना डावीकडचं सगळं मोजून घेतो. 1,380 चे 200 च्या 6 नोटा होतील, उरलेले 180 म्हणजे 100, 50, 20 आणि 10 ची प्रत्येकी एक. या सूत्रात 200 नंतरचा तो सापळाही येत नाही. मग आधीच हे का नाही सांगितलं? कारण `INT` आणि `MOD` वाली ओळ चुकली तर कुठे चुकली ते वाचून कळतं, ही ओळ चुकली तर कुणालातरी विचारावं लागतं. नोटांवर मर्यादा घालायची नसेल तर पहिली पद्धत पुरते.

जुनी फाइल वापरत असाल तर एक गोष्ट पाहून घ्या. 2,000 ची नोट चलनातून मागे घेत असल्याचं रिझर्व्ह बँकेने 19 मे 2023 रोजी जाहीर केलं, पण अनेक टेम्प्लेटमध्ये तिचा रकाना अजून पहिला आहे. तो सरळ डिलीट केला आणि पुढची सूत्रं त्या सेलवर अवलंबून असतील, तर सगळीकडे `#REF!` उमटतं. रकाना काढण्याआधी 500 चं सूत्र `=INT($B2/500)` असं करून घ्या आणि पुढच्या सूत्रांमध्ये 2000 कुठे आलंय ते शोधा.

राहिलेले आठ रुपये

5, 2 आणि 1 ची नाणी मिळतच नसतील तर अनेक ठिकाणी रक्कम दहाच्या पटीत दिली जाते. 3,748 चे 3,740. इथेही तीच दोन फंक्शन कामाला येतात. M2 मध्ये पूर्ण रुपयांत केलेला हिशेब असेल तर:

```
द्यायचे:   =INT(M2/10)*10
राहिले:   =MOD(M2,10)
```

दुसरा रकाना महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच बहुतेक शीटमध्ये नसतो. आपल्या पाच जणांचे या आठवड्यात 0, 5, 2, 0 आणि 8 राहतात, मिळून 15 रुपये. रक्कम किरकोळ वाटते. पण दर आठवड्याला नऊपर्यंत रुपये राहू शकतात आणि ते कुठेच लिहिले नाहीत, तर एका माणसाचे वर्षाच्या 52 आठवड्यांत 468 रुपयांपर्यंत जाऊ शकतात. राहिलेले रुपये पुढच्या आठवड्याच्या M मध्ये आपोआप मिळवले जातील असं सूत्र लावा आणि पाकिटावर रकमेखाली "बाकी 8" असं पेनाने लिहून द्या. पुढच्या शनिवारी आठ अधिक त्या आठवड्याची बाकी मिळून दहा झाले की ते त्याच्या पाकिटात जातात, आणि मुकादमाला काही आठवावं लागत नाही.